परदेशी शिक्षणाचा पैसा: कर्ज रुपयांत, फी डॉलरमध्ये, तर फाईल कशी बांधायची

नागपुरातल्या बऱ्याच घरांत मुलाच्या परदेशी शिक्षणाच्या पैशाचं काम बँकेचं मंजुरीपत्र हातात आलं की संपलं असं समजतात. खरी अडचण त्यानंतर वर्षभराने येते. तिसऱ्या सत्राची फी भरायची वेळ येते, डॉलर चढलेला असतो, कर्जाची मर्यादा संपत आलेली असते आणि बचत पहिल्याच सत्रात खर्च झालेली असते. मग ऐनवेळी वाढीव कर्जासाठी धावपळ, नातेवाइकांकडे उसनवारी, दागिने तारण, असं सगळं सुरू होतं.

हे टाळण्यासाठी जास्त पैसा लागतोच असं नाही. क्रम बरोबर लावावा लागतो. खाली अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमएसचं एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. वडील सरकारी नोकरीत, त्रिमूर्तीनगरला फ्लॅट, हाताशी २० लाखांची बचत आणि ऑगस्टमध्ये जाणारी मुलगी. आकडे उदाहरणादाखल आहेत. पद्धत तीच ठेवून तुमचे आकडे घाला.

## टप्पा १ : खर्च आधी डॉलरमध्ये मांडा

पहिली चूक इथेच होते. लोक "साठ लाख लागतात" असं ऐकून येतात आणि त्या रुपयाच्या आकड्याभोवती सगळं उभं करतात. रुपयाचा आकडा हा शेवटी काढायचा असतो. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा किंवा विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-ट्वेंटी पत्रावरचा खर्च डॉलरमध्ये लिहून काढा, तोही सत्रानुसार, कारण पैसा सत्रानुसारच जाणार आहे.

आपल्या उदाहरणात वर्षाची फी २२,००० डॉलर, आरोग्य विमा २,००० आणि राहणं-खाणं १४,०००. एकूण ३८,०००. विद्यापीठाने दरवर्षी ४,००० डॉलरची फीसवलत दिली आहे, म्हणून उरले ३४,००० डॉलर, म्हणजे सत्राला १७,०००. विमान, व्हिसा, सेविस शुल्क, लॅपटॉप आणि तिथल्या घराची अनामत यासाठी सुरुवातीचे ३ लाख रुपये वेगळे.

आता दर. आज डॉलर ९० ला आहे असं धरलं तर दोन वर्षांचे ६८,००० डॉलर म्हणजे ६१.२ लाख, वरचे ३ लाख मिळून ६४.२ लाख. बहुतेक जण इथे थांबतात. पण चारही हप्ते आजच्या दराने जाणार नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला साधारण ७४ वर असलेला डॉलर त्याच वर्षाअखेर ८२ च्या पुढे गेला होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. म्हणून प्रत्येक सत्राला वेगळा दर लावा. पहिल्या ऑगस्टला ९३, जानेवारीला ९५, पुढच्या ऑगस्टला ९८ आणि शेवटच्या जानेवारीला १००. बेरीज होते ६५.६ लाख. विद्यापीठं दुसऱ्या वर्षी फीही थोडी वाढवतात. ती चार टक्के धरली तर आणखी सुमारे ९० हजार. सुरुवातीचे ३ लाख मिळवून आकडा जातो ६९.५ लाखांवर.

आता हाच तक्ता एकदा कडक करून पाहा. दुसरं पूर्ण वर्ष १०५ च्या दराने गेलं तर? एकूण ७१.६ लाख. म्हणजे आजच्या दराने काढलेल्या आकड्यापेक्षा सव्वासात लाखांहून जास्त.

तपासणी: तुमच्याकडे तीन आकडे हवेत. आजच्या दराचा, वाढत्या दराचा आणि कडक. बँकेत मागणी तिसऱ्या आकड्यावर करायची, घरचं नियोजन दुसऱ्यावर. पहिला आकडा फक्त तुलनेसाठी ठेवा.

जपून: गुगलवर दिसतो तो दर तुम्हाला मिळत नाही. बँक तुम्हाला डॉलर विकते त्या दराला टीटी सेलिंग रेट म्हणतात आणि तो बाजारदरापेक्षा वर असतो. तक्त्यात तोच धरा.

## टप्पा २ : शिष्यवृत्तीचे दोन ढीग करा

एका ढिगात ज्यांचं पत्र हातात आहे त्या, दुसऱ्यात ज्यांचा अर्ज केला आहे त्या. कर्जाचा हिशेब फक्त पहिल्या ढिगावर. सरकारी शिष्यवृत्तीचा निकाल वर्ग सुरू झाल्यावरही लागू शकतो, आणि तोवर पहिल्या सत्राची फी भरून झालेली असायला हवी.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. इतर मागास प्रवर्ग आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्य शासनाच्या स्वतंत्र योजना आहेत. यांत विद्यापीठाचं क्यूएस क्रमवारीतलं स्थान आणि कुटुंबाचं उत्पन्न या दोन अटींवर बहुतेक अर्ज अडतात. म्हणून प्रवेशाचे अर्ज भरतानाच, विद्यापीठांची यादी करताना, त्या वर्षीची जाहिरात शेजारी ठेवून वाचा. प्रवेश पक्का झाल्यावर क्रमवारी बघून काही उपयोग नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांनाही वेळ लागतो, ते आधीच काढा.

जे. एन. टाटा एंडाउमेंट आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट यांचे अर्ज जरूर करा, पण त्या कर्ज-शिष्यवृत्त्या आहेत, मिळालेली रक्कम परत करायची असते. महिंद्रा ट्रस्टचं कर्ज बिनव्याजी असतं. तक्त्यात यांना "मदत" या रकान्यात टाकू नका, "स्वस्त कर्ज" असा वेगळा रकाना करा.

आपल्या उदाहरणात पक्की आहे ती फक्त ४,००० डॉलरची फीसवलत. ती दुसऱ्या वर्षी चालू राहायला किमान किती जीपीए लागतो हे त्या पत्रात लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधून मुलीला दाखवा.

## टप्पा ३ : तारणाचे कागद प्रवेशाच्या आधी

साडेसात लाखांवरच्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि नागपुरात फाईल सर्वांत जास्त अडकते ती इथेच.

बेसा, हुडकेश्वर, वाठोडा अशा भागांत स्वस्तात घेतलेले प्लॉट अनेकांकडे असतात. रजिस्ट्री झालेली असते, इंडेक्स टू असतो, त्यामुळे कागद पूर्ण आहेत असं वाटतं. बँकेच्या टेबलावर पहिला प्रश्न येतो, "काका, आरएल आहे का?" लेआउट मंजूर किंवा नियमित झालेला नसेल, सुधार प्रन्यासचं आरएल पत्र नसेल, तर तो प्लॉट बाजारात कितीही भावाचा असला तरी तारण म्हणून जवळजवळ निरुपयोगी. काटोल-नरखेडकडची संत्र्याची बाग किंवा कुठलीही शेतजमीन बँका या कर्जासाठी सहसा घेत नाहीत. सातबारा घेऊन जाण्यात वेळ घालवू नका.

फ्लॅट असेल तर मूळ विक्रीपत्र, त्याआधीच्या व्यवहारांची साखळी, मंजूर नकाशा, आखीव पत्रिका, चालू वर्षाची मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं. गृहकर्ज फेडून झालं असेल तर बँकेने मूळ कागद परत दिले आहेत का आणि बोजा उतरवला आहे का, हे आजच बघा. जागा आजोबांच्या नावावर असून वारसांची नोंद झालेली नसेल, तर नगर भूमापन कार्यालयातली ती नोंद हे तुमचं पहिलं काम. त्यात महिने जाऊ शकतात.

त्यानंतर बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट देतो आणि मूल्यांकन करणारा किंमत काढतो. ही किंमत तुमच्या मनातल्या किमतीपेक्षा कमी येते, असंच गृहीत धरा. उदाहरणातला फ्लॅट घरच्यांच्या मते ८० लाखांचा, मूल्यांकन आलं ६५ लाखांचं. ५५ लाखांच्या कर्जाला ते पुरलं.

जपून: पीएम-विद्यालक्ष्मी ही योजना देशातल्या ठरावीक संस्थांसाठी आहे. परदेशी शिक्षणासाठी त्यात अर्ज करून वाट पाहत बसलेले पालक दिसतात. थेट बँकेत जा किंवा जुन्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून बँक निवडा.

## टप्पा ४ : कर्ज किती मागायचं

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. लोक कर्ज कमीत कमी मागतात, कारण व्याजाची भीती. पण व्याज मंजूर रकमेवर लागत नाही, उचललेल्या रकमेवर लागतं. न उचललेले पाच लाख तुम्हाला फारसं काही मागत नाहीत, प्रक्रिया शुल्कात आणि तारणाच्या मुद्रांकात थोडा फरक पडतो तेवढाच. उलट दुसऱ्या वर्षी पाच लाख कमी पडले तर नवा अर्ज, नवं मूल्यांकन, नवी मंजुरी, आणि तोवर फीची तारीख निघून गेलेली असते. म्हणून डॉलरच्या चढउताराची सोय मंजूर मर्यादेतच करून ठेवा.

कडक आकडा ७१.६ लाख, बचत २० लाख. फरक ५१.६ लाख. मागणी ५५ लाखांची करायची. घरचा अंदाज मात्र ५० लाखच उचलण्याचा. वरचे पाच लाख डॉलरसाठी राखीव.

बँक पूर्ण खर्च देत नाही, परदेशासाठी साधारण १५ टक्के वाटा स्वतःचा मागते. त्याला मार्जिन म्हणतात. दोन गोष्टी लक्षात घ्या. शिष्यवृत्तीची रक्कम या मार्जिनमध्ये धरता येते, तसं पत्र फाईलला जोडून लेखी मागा. आणि मार्जिन एकदम भरायचं नसतं, प्रत्येक उचलीबरोबर त्या प्रमाणात भरायचं असतं. सगळी बचत पहिल्याच सत्रात ओतू नका.

मंजुरीपत्र आलं की सही करण्याआधी चार ओळी शोधा. मर्यादा रुपयांत लिहिली आहे, ती किती. राहण्याचा खर्च त्यात धरला आहे की फक्त फी. हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर किती महिन्यांनी सुरू होतो, कारण कुठे सहा महिने असतात, कुठे वर्ष. आणि शिक्षणाच्या काळातलं व्याज भरलं तर दरात सवलत आहे का.

शेवटच्या ओळीचा हिशेब करून दाखवतो. प्रत्येक सत्राला १२.५ लाख असे चार वेळा उचलले, दर १० टक्के, आणि पदवीनंतर एक वर्षाने हप्ता सुरू. पहिली उचल ३३ महिने व्याज खाते, पुढच्या २८, २१ आणि १६ महिने. हप्ता सुरू व्हायच्या आधीच साधं व्याज होतं सुमारे १०.२ लाख. ते भरलं नाही तर मुद्दलात मिळतं आणि मुलगी नोकरीला लागते तेव्हा कर्ज ५० नव्हे, ६० लाखांचं असतं. दरमहा भरायचं तर पहिल्या सत्रात साधारण १०,४०० रुपये, चौथ्या उचलीनंतर ४१,७०० च्या आसपास. हे पगारातून झेपेल का, हे सही करण्याआधी ठरवा. पूर्ण झेपत नसेल तर पहिल्या वर्षाचं तरी भरा.

काही परदेशी संस्था विनातारण डॉलरमध्येच कर्ज देतात. मुलगी तिथेच नोकरी करणार हे पक्कं असेल तर चालून जातं, पण ती परत आली तर रुपयांतल्या पगारातून डॉलरचा हप्ता फेडावा लागेल. पर्याय असेल तर मी रुपयांतलं कर्ज घ्यायलाच सांगतो. एकदा फी भरली की त्या रकमेपुरता विनिमय दराचा धोका संपतो. पुढे डॉलर चढला आणि मुलगी डॉलरमध्ये कमावत असेल, तर तेच कर्ज तिला हलकं पडतं.

## टप्पा ५ : बचत कोणत्या कामाला आणि कुठे

२० लाखांपैकी १२ लाख मुदत ठेवीत, ८ लाख इक्विटी फंडात. सुरुवातीचे ३ लाख ठेवीतून गेले. उरलेल्या १७ लाखांतून प्रत्येक सत्राला कर्जाच्या उचलीवरची रक्कम भरायची. पहिल्या सत्राला १७,००० डॉलर ९३ च्या दराने १५.८ लाख, त्यात कर्ज १२.५ आणि घरचे ३.३. शेवटच्या सत्राला घरचे साडेचार-पाच लाख लागतील.

म्हणजे बचतीतला मोठा भाग दीड ते दोन वर्षांनी लागणार आहे. तो इक्विटीत ठेवणं मला पटत नाही. बाजार पडतो तेव्हा अनेकदा रुपयाही पडतो, आणि दोन्ही फटके एकाच सत्रात बसतात. प्रवेशाचे अर्ज सुरू झाले की इक्विटीतला पैसा टप्प्याटप्प्याने काढून सत्रांच्या तारखांना संपणाऱ्या चार ठेवी करा. मूल अजून आठवी-नववीत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा अमेरिकी बाजारात गुंतवणारे फंड किंवा थोडं सोनं उपयोगी पडतं, कारण त्यांच्या रुपयातल्या किमतीत डॉलरची हालचाल येते.

जपून: "डॉलर उतरेल, मग भरू" म्हणून फीची तारीख लांबवू नका. उलट "आता चढणारच" म्हणून दोन वर्षांचे डॉलर एकदम घेऊही नका. व्हिसा अडला तर ते परत विकताना दोन्हीकडचा फरक तुमच्या माथी बसतो. सत्राच्या गरजेपुरते, दोन-तीन भागांत घ्या.

## टप्पा ६ : पैसे पाठवण्याचा दिवस

कर्जातून भरायची फी बँक थेट विद्यापीठाला पाठवते, पण परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-२ फॉर्मवर सही तुमची असते. त्यावरचा उद्देशाचा कोड वाचा. परदेशी शिक्षणासाठी `S0305`. राहण्याचे पैसे पाठवतानाही हाच कोड लागतो. घाईत कुणी कुटुंबाचा निर्वाहखर्च म्हणून नोंद केली, तर १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो.

टीसीएस म्हणजे परदेशी पैसा पाठवताना बँकेने आधीच गोळा केलेला कर. १ एप्रिल २०२५ पासून, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. स्वतःच्या पैशावर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत लागत नाही, त्यावर शिक्षणासाठी सवलतीचा दर असतो. हा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात बँकेत विचारा. मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते, फॉरेक्स कार्डवर भरलेले पैसेही तिच्यात मोजले जातात. ऑगस्ट आणि जानेवारी एकाच आर्थिक वर्षात येतात, हे विसरू नका. आपल्या उदाहरणात घरचे पैसे वर्षाला १० लाखांच्या आत राहतात, त्यामुळे प्रश्नच येत नाही. कापला गेला तर तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत रक्कम अडकून पडते.

दराबाबत घासाघीस होते, हे अनेकांना माहीत नसतं. सकाळी बाजार उघडल्यावर टीटी सेलिंग रेट विचारा, सीताबर्डीतल्या एखाद्या अधिकृत परकीय चलन विक्रेत्याचाही घ्या, आणि मग बँकेच्या व्यवस्थापकाशी बोला. १७,००० डॉलरवर ५० पैशांचा फरक म्हणजे साडेआठ हजार रुपये.

तपासणी: बँकेच्या स्विफ्ट संदेशाने पैसे पाठवताना शुल्काचा पर्याय `OUR` निवडला आहे ना? नाहीतर मधली बँक वीस-तीस डॉलर कापून घेते, फी अपुरी पोहोचते आणि विद्यापीठ नोंदणी रोखून धरतं. विद्यार्थी क्रमांक संदेशात आहे का, हेही पाहा. स्विफ्टची प्रत मुलीला त्याच दिवशी पाठवा.

## टप्पा ७ : दुसरं वर्ष आणि परतफेड

एप्रिलमध्ये तक्ता पुन्हा उघडा. नवी फी, खरे गेलेले दर आणि उरलेली मर्यादा लिहा. राखीव पाच लाखांपैकी तीन लाखांहून जास्त तिसऱ्या सत्रातच लागणार असं दिसलं, तर वाढीव कर्जाचा अर्ज तेव्हाच करा, जुलैत नाही. दुसऱ्या सत्राची गुणपत्रिका आणि फीचं नवं पत्रक बँक मागेल. ते आधीच मागवून ठेवा.

मध्येच सरकारी शिष्यवृत्ती लागली, तर पुढच्या उचली थांबवा आणि आलेली रक्कम योजनेच्या अटी पाहून कर्जात भरा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड आकारता येत नाही.

व्याजावरची करवजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. तिला वरची मर्यादा नाही आणि ती आठ वर्षं घेता येते. पण ज्याने कर्ज घेतलं आहे आणि जो आपल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरतो, त्यालाच ती मिळते. मुलीचं भारतात उत्पन्न नसेल आणि व्याज तीच भरत असेल, तर वजावट वाया जाते. म्हणून वडील सहकर्जदार असतील आणि जुन्या पद्धतीत कर भरत असतील, तर व्याज वडिलांच्या खात्यातून जाऊ द्या. मुलगी कमवायला लागल्यावर पाठवेल तो पैसा मुद्दलात भरा. डॉलर वर असेल त्या महिन्यात तिने थोडे जास्त पाठवले, तर कर्जाची वर्षं कमी होतात. त्यासाठी तिचं एनआरई खातं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं, नोकरी लागताच उघडून घ्या, आणि कर्ज खात्याला त्या खात्यातून भरणा करता येतो का, हे शाखेत लेखी विचारून ठेवा.